वॉशिंग मशीनची जादा वॉरंटी

फ्रंट लोड मशीन घेतोय. दुकानदार 3 वर्षांची जादा वॉरंटी 4,500 रुपयांना देतोय. घेऊ का?

दुकानात लगेच पैसे भरू नका. कंपनीची 'मोटरला 10 वर्षं' ही वॉरंटी फक्त मोटरपुरती असते. खरा खर्च पीसीबीचा, म्हणजे कंट्रोल बोर्डाचा. सर्व्हिस सेंटरला फोन करून त्याच मॉडेलच्या बोर्डाची किंमत विचारा. समजा 7,000 सांगितली, तर त्या 3 वर्षांत बोर्ड जाण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या वर असेल तरच 4,500 वसूल होतात. एवढी ती सहसा नसते. शिवाय प्लॅनच्या अटींत व्होल्टेजच्या चढउतारामुळे झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, आणि बोर्ड बऱ्याचदा त्यानेच जातो! तुमच्याकडे वीज फार वरखाली होत असेल तर आधी चांगला स्टॅबिलायझर लावा. कंपनीचा स्वतःचा प्लॅन बहुतेक वेळा मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येतो.