स्ट्रोब फोटोतल्या ठिपक्यांवरून पल्ला आणि महत्तम उंची

प्रश्न: न्यूमेरिकलमध्ये उडवलेल्या चेंडूचा फोटो दिलाय, दर ०.१ सेकंदाला एक ठिपका. आडवं अंतर प्रत्येक वेळी ३० सेमी. उंची सेमीमध्ये: ०, ४१, ७२, ९४, १०६, १०७, १००, ८२, ५४, १७. पहिल्या दोन ठिपक्यांवरून uy = ४.१ मी/से काढला, तर महत्तम उंची ८६ सेमी येते. फोटोत तर चेंडू १०७ पर्यंत गेलाय! काय चुकतंय?

उत्तर:

सूत्र बरोबर आहे, गणितही बरोबर आहे. फक्त ४.१ हा सुरुवातीचा वेग नाही.

पहिल्या ०.१ सेकंदात चेंडू ४१ सेमी वर गेला, म्हणून ४१ ला ०.१ ने भागून जे मिळालं तो त्या दशांश सेकंदातला सरासरी वेग. पण उभा वेग त्या वेळातही सारखा घटत होता. निघताना तो जास्त होता, दुसऱ्या ठिपक्यापाशी कमी. गुरुत्वामुळे तो एकाच दराने घटतो, त्यामुळे सरासरी वेग हा बरोब्बर मधल्या क्षणीचा, म्हणजे ०.०५ सेकंदाचा वेग असतो. सुरुवातीचा वेग हवा असेल तर त्या ०.०५ सेकंदात गुरुत्वाने जे खाल्लं ते परत मिळवायचं: ९.८ × ०.०५ = ०.४९. मग uy = ४.१ + ०.४९ = ४.५९ मी/से.

आता महत्तम उंची uy² / 2g म्हणजे ४.५९² ÷ १९.६, साधारण १.०७५ मीटर. तुमच्या फोटोतल्या १०७ शी हे जुळतंच.

आडव्या घटकाला ही भानगड नाही. आडव्या दिशेने कुठलंही बल नाही, वेग बदलतच नाही, त्यामुळे सरासरी काय आणि सुरुवातीचा काय, एकच: ३० सेमी भागिले ०.१ सेकंद, ux = ३ मी/से. बरेच जण हीच पद्धत सवयीने उभ्या घटकालाही लावतात आणि तिथेच फसतात.

तरी मी स्वतः पहिल्या दोन ठिपक्यांवर विसंबणार नाही. फोटोवर पट्टी ठेवून उंची वाचताना एक सेमी इकडे-तिकडे होणारच. ०.१ सेकंदाच्या अंतरात तेवढी एक सेमी म्हणजे वेगात ०.१ मी/से चा फरक. त्यापेक्षा सगळ्यात शेवटचा ठिपका घ्या. तो ०.९ सेकंदाचा आहे आणि उंची ०.१७ मीटर. y = uy·t − ½gt² मध्ये घातलं की

०.१७ = ०.९ uy − ४.९ × ०.८१

यातून uy = ४.६० मी/से. इथे वाचनात एक सेमीची चूक झाली तरी वेगात जेमतेम ०.०१ चा फरक पडतो. उंची १.०८ मीटर येते. हा आकडा १०७ पेक्षा थोडा जास्त का? कारण चेंडू शिखरावर uy / g = ०.४७ सेकंदाला पोचतो आणि तुमचे ठिपके ०.४ आणि ०.५ ला आहेत. खरं शिखर दोन ठिपक्यांच्या मध्ये आहे, त्या क्षणी फ्लॅश पडलाच नाही. म्हणून सगळ्यात वरचा ठिपका म्हणजेच महत्तम उंची असं कधी धरू नका.

पल्ल्यासाठी उड्डाणाचा एकूण वेळ लागतो: 2uy / g = ०.९४ सेकंद. त्याला आडव्या वेगाने गुणलं की पल्ला २.८२ मीटर. तुमच्या ४.१ ने तो २.५१ मीटर आला असता, आणि फोटोत २.७० मीटरवरही चेंडू अजून १७ सेमी हवेत आहे. उत्तर चुकलंय हे इथेही दिसलं असतं. कोन विचारला असेल तर tan θ = ४.६ ÷ ३, म्हणजे सुमारे ५७ अंश, आणि फेकीचा एकूण वेग साधारण ५.५ मी/से.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी मात्र जरूर करा, दोन मिनिटांचं काम आहे. लागोपाठच्या उंचींतले फरक काढा: ४१, ३१, २२, १२, १, −७, −१८, −२८, −३७. मग या फरकांमधले फरक बघा. प्रत्येक वेळी ९ ते ११ च्या आसपास घट आहे, एखाद्या ठिकाणी ८. सरासरी ७८ ÷ ८ = ९.७५ सेमी. सिद्धांताने ही घट gT² इतकी, म्हणजे ९.८ सेमी हवी. तुमचा फोटो पास! एखाद्या प्रश्नात फ्लॅशमधला वेळ दिलेलाच नसेल, तर हाच संबंध उलटा वापरून T काढता येतो.

स्वतः मोबाइलवर असा फोटो बनवणार असाल, तर ही तपासणी आणखी कामाची. साधा ३० फ्रेमचा व्हिडिओ घेऊन दर तिसरी फ्रेम निवडली की ०.१ सेकंद मिळतं. नेहमी गडबड होते ती मोजपट्टीच्या जागेमुळे. पट्टी मागच्या भिंतीला चिकटवलेली आणि चेंडू पुढे. समजा कॅमेऱ्यापासून चेंडू २ मीटरवर आणि भिंत ३ मीटरवर आहे. मग प्रत्येक अंतर दीडपट वाचलं जातं, फरकांतली घट ९.८ ऐवजी १४.७ सेमी येते, आणि पल्ला-उंचीही दीडपट. चेंडू ज्या प्रतलात उडतो त्याच प्रतलात पट्टी उभी करायची, दुसरा इलाज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइल बाजूला कलणं. तीन अंशांचा कल डोळ्याला कळतही नाही, पण त्यामुळे गुरुत्वाचा थोडा भाग फोटोतल्या 'आडव्या' दिशेला येतो आणि आडवी अंतरं दर ठिपक्याला अर्धा सेमीने बदलत जातात. नऊ अंतरांत पहिलं आणि शेवटचं यांत चार सेमीचा फरक! अंतरं कमी होत असतील तर हवेच्या रोधाचीही शंका येते, विशेषतः टेबल टेनिसचा चेंडू असेल तर. दोन्हींतलं नेमकं कारण शोधायला मोबाइल न हलवता चेंडू उलट्या बाजूने फेका. कल असेल तर आता अंतरं वाढत जातील, हवेचा रोध असेल तर पुन्हा कमीच होतील.

आणि पल्ल्याचं ते सूत्र चेंडू निघाला त्याच पातळीवर परत येतो तेव्हाच चालतं. हाच चेंडू ८० सेमी उंच टेबलावरून उडवून जमिनीवर पडू दिला, तर −०.८ = ४.६t − ४.९t² हे वर्गसमीकरण सोडवावं लागेल. त्यातून t = १.०९ सेकंद आणि टेबलावरच्या त्या बिंदूपासून आडवं अंतर सुमारे ३.२७ मीटर. महत्तम उंची मात्र टेबलापासून १.०८ मीटरच राहते, जमिनीपासून विचारली असेल तर त्यात ८० सेमी मिळवा.