ऐतिहासिक कादंबरीत काल्पनिक पात्रं कशासाठी?

शिवाजी महाराजांवरच्या कादंबरीत मोहिमा खऱ्या असतात, मग मध्येच एखादा खोटा शिलेदार कशाला घुसवतात?

कारण कागदपत्रं मोहीम सांगतात, मधले दिवस सांगत नाहीत. 1666 ची आग्र्याहून सुटका घ्या. आग्र्यातला मुक्काम, दरबारातला अपमान, पहारा हे सगळं जयपूर दरबाराच्या राजस्थानी पत्रांत बऱ्यापैकी तपशिलात सापडतं. पण तिथून निसटल्यावर राजगडापर्यंतचा प्रवास? जेधे शकावलीत सुटका आणि परत येणं एवढ्याच नोंदी, त्याही ओळीभराच्या. नदी कुणी पार करून दिली, भाकरी कुणी दिली, कुणाला संशय आला, काहीच नाही. कादंबरीला मात्र ती रात्र दाखवावीच लागते. मग एक नावाडी येतो, जो उतारूच्या हाताकडे बघतो: बैराग्याचा वेष, पण तळव्यावर तलवारीच्या मुठीचे घट्टे.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. महाराजांच्या तोंडी भीती किंवा रडू घालायला लेखक कचरतो. वाचकही पटकन दुखावतो. ते सगळं एका काल्पनिक मावळ्याच्या वाट्याला देता येतं. तो घाबरतो, घरची आठवण काढतो, प्रसंगी राजाचा निर्णय चुकला असंही पुटपुटतो.

फक्त या पात्राने निकाल बदलायचा नाही. बाजीप्रभूंची खिंड त्याने लढवली, तर लेखकाने खऱ्या माणसाचं श्रेय चोरलं. माझ्या मते ‘खोटं’ म्हणायचं ते यालाच, नावाड्याला नाही.