सगळे आकडे थोडेच वाढलेले असताना मेटाबॉलिक सिंड्रोम कसा?

प्रश्न: उपाशीपोटी साखर १०८, रक्तदाब १३२/८६, ट्रायग्लिसराइड्स १९० आहेत. एकही मोठा आजार नाही, तरी डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. का?

उत्तर: कमरेचा वाढलेला घेर, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा अधिक, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी (पुरुषांत ४० च्या, स्त्रियांत ५० च्या खाली), रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, या पाचांपैकी कोणतेही तीन निकष जुळले की हे निदान होते, तुमचे तीन जुळतात.

हे बदल एकत्र येतात, कारण त्यांचे मूळ बहुधा एकच असते. पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी यकृताकडे सतत मेदाम्ले सोडते. त्यामुळे यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही, रक्तात साखर सोडत राहते आणि जादा मेदाचे ट्रायग्लिसराइड्स बनवून तेही रक्तात पाठवते, ज्यामुळे एचडीएल घटते. भरपाई म्हणून स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते, त्याने मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाबही चढतो.

म्हणूनच प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर ‘सीमेवर’ वाटतो, पण एकत्रितपणे ते पुढील मधुमेहाची आणि हृदयविकाराची शक्यता वाढवतात. मात्र या निकषांत वय, धूम्रपान आणि एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल येत नाहीत, तेव्हा हृदयाचा धोका वेगळा मोजून घ्यावा. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर धरावी; पँटचे माप इथे फसवते.