होमस्टेचे मेसेज: मराठीतलं ‘मिळाल्यास बरे होईल’ इंग्रजीत कसं न्यायचं

प्रश्न: काकांच्या होमस्टेचे मेसेज मी मराठीतून इंग्रजीत आणि उलट करून देते. एकतर उद्धट वाटतं, नाहीतर सरकारी नोटीस. नम्रपणा किती ठेवायचा?

मी कोकणातल्या एका होमस्टेसाठी हेच काम करतो. माझं मत असं की शब्द किती नम्र आहेत हे नंतर बघा, आधी समोरच्याला ती गोष्ट हवीच आहे की नसली तरी चालेल ते ओळखा.

एका गृहस्थांचा मेसेज होता, ‘आम्ही चौघे येत आहोत. दोन खोल्या ठेवाव्यात. वडिलांचे गुडघे दुखतात, खालची खोली मिळाल्यास बरे होईल.’ मी शब्दाला शब्द लावून ‘कीप टू रूम्स’ आणि ‘इट विल बी गुड इफ’ असं केलं. आमच्या मॅनेजरला मराठी येत नाही, त्याला पहिलं वाक्य हुकूम वाटलं आणि दुसरं नुसती इच्छा, म्हणून त्याने वरची खोली दिली आणि आजोबांना दोन दिवस जिना चढावा लागला, मला अजून वाईट वाटतं त्याचं. खरं तर ‘ठेवाव्यात’ ही पत्रातली नेहमीची अदब आहे, आणि ‘मिळाल्यास बरे होईल’ म्हणजे खालचीच द्या, फक्त संकोचाने म्हटलेलं. आता मी ‘वुई विल नीड टू रूम्स, प्लीज’ आणि ‘माय फादर हॅज बॅड नीज, सो वुई नीड अ ग्राउंड फ्लोअर रूम’ असं लिहितो. मागणीमागचं कारण मात्र तेवढंच ठेवायचं जेवढं त्यांनी सांगितलंय, गुडघे दुखतात याचं ‘चालताच येत नाही’ करायचं नाही.

उलट्या बाजूलाही हाच घोळ होतो. ‘वुई वुड अप्रिशिएट इफ यू कुड चेक आउट बाय इलेव्हन’ म्हणजे ११ ला निघाच. त्याचं ‘११ पर्यंत निघालात तर आवडेल’ केलं की लोक निवांत १ वाजता निघतात, आणि ‘११ ला खोली सोडा’ म्हटलं की हाकलल्यासारखं वाटतं. मी लिहितो, ‘११ पर्यंत खोली रिकामी करावी लागते, नंतर साफसफाई असते. सामान मात्र खाली ठेवता येईल.’ ‘लागते’ म्हटलं की तो सगळ्यांसाठीचा नियम होतो, त्या माणसावर बोट रोखल्यासारखं होत नाही.

प्रत्येक ‘प्लीज’चं ‘कृपया’ करू नका, तीच ती सरकारी नोटीस. ‘आधार कार्ड पाठवाल का?’ यात ‘पाठवाल का’मध्येच प्लीज आलं. ‘अनफॉर्च्युनेटली’चं ‘दुर्दैवाने’ तर नकोच, कुणी गेल्याची बातमी वाटते, ‘त्या दिवशी खोली शिल्लक नाही हो, १४ पासून आहे’ पुरतं.

आणि ‘आपण’ जपून वापरा. ‘आपण ८ वाजता जेवू’ म्हणजे तुम्हीही त्यांच्या पंगतीला बसणार असं होतं, म्हणून मी सरळ ‘तुम्ही’ लिहितो, ‘आपण’ फक्त वयस्कर माणसांनी स्वतः तसं लिहिलं असेल तरच आणि तेही ‘येणार आहात’ असं क्रियापद नीट लावून.