रात्रीचा बिटरेट धरा, दिवसाचा नको

प्रश्न: सोसायटीत १२ आयपी कॅमेरे लावायचे आहेत. ३० दिवसांच्या रेकॉर्डिंगला किती टीबी लागेल? रेकॉर्डर ऑफिसातल्या वाय-फायवर चालेल का?

वाय-फायवर नाही. यावरून मी आमच्या सेक्रेटरींशी वर्षभर भांडलोय, म्हणून लिहितो.

आमच्याकडेही १२ कॅमेरे. बसवणाऱ्याने दुपारी स्क्रीनवर प्रत्येकी २ एमबीपीएस बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला २ मेगाबिट डेटा, पाहिला आणि ६ टीबीची डिस्क टाकली. १ एमबीपीएस सतत चालला की दिवसाला १०.८ जीबी होतात. म्हणजे २ ने १२ कॅमेऱ्यांचे मिळून रोजचे २५९ जीबी, साधारण २३ दिवस. पण बिटरेट मोकळा सोडलेला होता, त्याला कमाल मर्यादा नव्हती. रात्री इन्फ्रारेड लागला की चित्रात दाणे येतात, पावसाच्या धारा आणि किडे चमकतात, आणि कॅमेऱ्याला तेही साठवावं लागतं. रात्री आकडा ६ वर जायचा. सरासरी ४ धरा: रोज ५१८ जीबी, डिस्क साडेअकरा दिवसांत भरून जुनं पुसायला सुरुवात.

शेजारच्या काकांची स्कूटर पार्किंगमधून गेली. ते गावाहून पंधरा दिवसांनी परतले तेव्हा ती रात्र पुसली गेली होती. पुढे दुसरी चोरी दोनच दिवसांत कळली, तर नेमक्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये भोकं. रेकॉर्डर वरच्या मजल्यावर, वाय-फाय रिपीटरवर. रात्री १२ कॅमेऱ्यांचे मिळून ७२ एमबीपीएस त्या दुव्याला झेपत नव्हते. सेक्रेटरी म्हणत होते, कॅमेरे खराब आहेत. मी टाइमलाइन दाखवली: दिवसा सलग, रात्री तुटक, आणि तेही सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच वेळी. कॅमेरा बिघडला तर एकाचंच तुटतं.

शेवटी कॅमेऱ्यांसाठी वेगळा पीओई स्विच, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीजही देणारा, घेतला, त्याला ऑफिसच्या राउटरशी जोडलंच नाही. स्विचपासून रेकॉर्डरपर्यंत गिगाबिटची केबल. रेकॉर्डरला दोन नेटवर्क पोर्ट होते, म्हणून दुसरा फक्त ऑफिसातून बघण्यासाठी, वेगळ्या आयपी रेंजवर. कुणी ऑफिसात कितीही डाउनलोड करो, रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. बिटरेटवर ४ ची कमाल मर्यादा घातली. ३० दिवसांना साडेपंधरा टीबी होतात, आम्ही १० टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. केबलचा खर्च 'उगाच' म्हणणाऱ्यांनी त्या काकांना तोंड दाखवावं.

तुमचे कॅमेरे किती बिटरेट घेतात ते रात्री अकरानंतर रेकॉर्डरवर बघा आणि त्या आकड्याला १०.८ जीबी, कॅमेऱ्यांची संख्या आणि दिवस यांनी गुणा. रेकॉर्डरची एकूण इनकमिंग बँडविड्थही तपासा, स्वस्त मॉडेलमध्ये चॅनेल १६ असले तरी ती कमी असते. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड केल्यास जागा वाचते, पण पार्किंगच्या अंधारात मला त्यावर भरवसा नाही.

एक राहिलं. वेगळ्या केलेल्या कॅमेऱ्यांना इंटरनेट नसतं, त्यामुळे त्यांची घड्याळं सरकतात. रेकॉर्डरलाच त्यांचा एनटीपी सर्व्हर, म्हणजे घड्याळं जुळवून देणारा, करा, नाहीतर पोलिसांना दिलेल्या क्लिपवरची वेळच चुकीची निघेल.