पाठ टाचणात उद्दिष्टांच्या पातळ्या

बी.एड.च्या टाचणात ब्लूमच्या सहाही पातळ्यांची उद्दिष्टं कशी लिहायची? उदाहरण द्याल का?

‘बाष्पीभवन’ घ्या. विद्यार्थी व्याख्या सांगतो, हे स्मरण; ती स्वतःच्या शब्दांत समजावतो, हे आकलन. पसरलेले कपडे लवकर का वाळतात याचं कारण देतो, हे उपयोजन. घोळ इथेच होतो. कपड्यांचं उदाहरण तुम्हीच वर्गात सांगितलं असेल, तर ते उत्तर पुन्हा स्मरणच! उपयोजनाला नवा प्रसंग लागतो: बशीत ओतलेला चहा लवकर का निवतो?

पुढे, निरीक्षणांच्या तक्त्यावरून वारा आणि तापमान यांचा परिणाम वेगळा काढतो (विश्लेषण), दिलेल्या प्रयोगातली चूक कारणासह दाखवतो (मूल्यमापन), स्वतः प्रयोग आखतो (निर्मिती). ‘विद्यार्थ्याला समजते’ असं लिहू नका. ते तपासणार कसं? आणि एका तासिकेत सहाही कोंबू नका, दोन-तीन पुरेत.