स्किल्समध्ये ‘सॅप एमएम’ लिहिण्याआधी

प्रश्न: सातपूरला एका कंपनीत स्टोअरमध्ये अडीच वर्षं आहे. आता सिन्नरच्या एका प्लांटमध्ये परचेस असिस्टंटसाठी अर्ज करतोय. स्किल्समध्ये लिहिलंय: एमएस ऑफिस, सॅप एमएम, टॅली, कम्युनिकेशन, लीडरशिप, टीम प्लेअर, इंग्लिश, हिंदी, मराठी, जर्मन. प्रत्येकापुढे पट्टी आहे, एक्सेल 90 टक्के, जर्मन 40 टक्के असं. जर्मनची ए1 दिली होती, आता बरंच विसरलोय. मित्र म्हणतो सगळं ठोकून दे, कोण बघतंय. चालेल का?

उत्तर: बघतात रे. मी अंबडला परचेसमध्ये पंधरा वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा-सात इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसून. वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय.

तुझ्या यादीत तीन निराळ्या जातीच्या गोष्टी एकाच ताटात आल्यात. सॅप, एक्सेल, टॅली ही अवजारं. ती येतात की नाही हे कॉम्प्युटरसमोर बसवलं की दहा मिनिटांत कळतं. भाषांसाठी ठरलेल्या पायऱ्या आहेत, तिथे आपली टक्केवारी कोणी विचारत नाही. आणि कम्युनिकेशन, लीडरशिप यांचा रकाना कितीही सजवला तरी त्यातून काही कळत नाही, ते केलेल्या कामातूनच दिसतं. त्या पट्ट्या आधी काढून टाक. ‘एक्सेल 90 टक्के’ वाचून मला एकच विचारावंसं वाटतं: उरलेलं दहा टक्के कुठलं? शिवाय रेझ्युमे वाचणारी सॉफ्टवेअरं अक्षरं वाचतात, रंगीत पट्टी त्यांना बहुतेक वेळा दिसतच नाही.

सॅपवर जरा थांबतो, कारण तुझी खरी अडचण तिथेच होणार आहे. पहिली नोकरी बदलताना मीही ‘सॅप एमएम’ असंच लिहिलं होतं. करत काय होतो, तर गाडी आली की चलान आणि पीओ जुळवून MIGO मध्ये जीआरएन करायचा. समोरच्या साहेबांनी विचारलं, “तुमच्याकडे रिलीज स्ट्रॅटेजी कशावर लावलीये, रकमेवर की परचेस ग्रुपवर?” मला प्रश्नच कळला नाही. पीओ ‘रिलीज’ होते म्हणजे वरचे साहेब मंजूर करतात, एवढंच ठाऊक. मग त्यांनी मला जे खरंच येत होतं तेही विचारलं नाही. चूक त्यांची नव्हती. ‘सॅप एमएम’ एवढंच वाचलं की माणूस हे मॉड्यूल बसवण्यापर्यंतचं जाणतो असा अर्थ निघतो. आपण एंड यूजर, आपल्याला आपले ठरावीक स्क्रीन येतात. तेच लिहायचं.

आज घरी गेलास की कागदावर आठवून लिही: गेल्या महिन्यात मी स्वतः, माझ्या आयडीने, कोणकोणते टी-कोड उघडले? स्टोअरमधल्या माणसाचं साधारण असं निघतं: MIGO मध्ये 101 ने माल आवक, 261 ने प्रॉडक्शन ऑर्डरला इश्यू, 311 ने एका स्टोरेज लोकेशनमधून दुसऱ्यात, स्टॉक बघायला MMBE आणि MB52, जुनी नोंद शोधायला MB51. पीओ बघायला ME23N. आता स्वतःला विचार, ME21N मध्ये पीओ कधी केलीस का? सिन्नरच्या जागेला नेमकं तेच लागणार आहे. परचेसवाल्याच्या शेजारी बसून पाहिली असशील तर ‘पाहिली आहे’ म्हण. आणि त्याच्या लॉगिनवरून केल्या असशील (आपल्याकडे हे सर्रास चालतं, मला माहीत आहे), तर ते रेझ्युमेत आणूच नकोस. दुसऱ्याच्या आयडीवर व्यवहार केले हे तू नव्या कंपनीला स्वतःहून सांगतोयस, याचा अर्थ ते काय घेतील ते बघ.

मी स्टोअरच्या मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो: जीआरएन झाल्यावर कळलं की काहीतरी गडबड आहे, तर 102 की 122? ज्याने काम केलंय तो लगेच म्हणतो, “नोंदच चुकली असेल तर 102 ने उलटवायची, माल खराब म्हणून सप्लायरला परत जात असेल तर 122.” ज्याने फक्त लिहिलंय तो “सर, आमच्याकडे ते आयटीवाले करायचे” म्हणतो. तुला हे येत असणार. म्हणूनच म्हणतो, मोठं नाव लिहून छोट्या पण पक्क्या गोष्टी झाकू नकोस.

एक्सेलचंही तसंच. ‘एमएस ऑफिस’ काढ, तो शब्द आता काहीच सांगत नाही. परचेसमध्ये रोज लागतं ते म्हणजे दोन याद्या जुळवणं. मी चाचणीत चारशे ओळींची शीट देतो, एका बाजूला फिजिकल मोजणी, दुसऱ्या बाजूला सॅपमधून काढलेला स्टॉक. बहुतेक जण हे बरोबर टाकतात:

```
=VLOOKUP(A2,Stock!$A$2:$D$400,4,FALSE)
```

मग मी शेवटचं FALSE त्याच्या आधीच्या स्वल्पविरामासकट काढतो आणि विचारतो, आता काय होईल? ते नसलं की एक्सेल जवळपास जुळणारा कोड धरतो, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर काही ओळींत चुकीचा आकडा येतो. गंमत म्हणजे एरर दिसेलच असं नाही, आकडा दिसतो आणि तो खोटा असतो. दुसरी अडचण, कोड डोळ्यांना दोन्हीकडे सारखाच दिसतोय तरी #N/A. बहुधा एका बाजूचा कोड नंबर म्हणून आणि दुसरीकडचा टेक्स्ट म्हणून साठवलेला असतो. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला आणि आकडा डावीकडे चिकटलेला असला की ओळखायचं. या दोन गोष्टी सांगता आल्या तर ‘एक्सेल: VLOOKUP, पिव्हट टेबल, स्टॉक जुळवणी, रोजचा वापर’ असं बिनधास्त लिही. मॅक्रो येत नसेल तर ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द टाळ.

टॅलीचं काय ते तूच ठरव. कोर्स केला असशील आणि कामात वापरलं नसेल तर ‘टॅली, कोर्स’ आणि वर्ष, बास. नोकरी पोर्टलवर आयटी स्किल्समध्ये शेवटचं कधी वापरलं ते विचारणारा रकाना असतो. तो रिकामा ठेवण्यापेक्षा खरं वर्ष टाकलेलं बरं.

आता भाषा. जर्मन 40 टक्के म्हणजे काय, हे जर्मन माणसालाही कळणार नाही. युरोपीय भाषांसाठी सीईएफआरच्या सहा पायऱ्या आहेत: ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2. ए1 म्हणजे समोरचा सावकाश बोलला तर नाव-गाव, काम, वेळ, किंमत एवढं जमतं. कारखान्यात पाहुणे आले आणि त्यांच्याशी तांत्रिक बोलायचं, तर बी2 च्या खाली धड निभावत नाही. तू परीक्षा दिलीयस, तर ‘जर्मन, गोएथे ए1’ आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष लिही. वर्ष महत्त्वाचं, त्यावरून वाचणारा गंज किती चढला असेल ते स्वतः समजून घेतो. खात्री हवी असेल तर गोएथे इन्स्टिट्यूटच्या साइटवर ए1 चे सराव पेपर फुकट आहेत. मोबाइल बाजूला ठेवून एक सोडव, मग दोन मिनिटं स्वतःची ओळख रेकॉर्ड करून ऐक. पेपर निघाला नाही तर ‘ए1, सध्या सरावात नाही’ एवढं जोड. त्याने काही बिघडत नाही. परचेस असिस्टंटच्या जागेला जर्मन मुळात बोनस आहे.

जपानी शिकलेलं कोणी हे वाचत असेल तर एक सांगतो. जेएलपीटीत एन5 सर्वांत सोपी आणि एन1 सर्वांत अवघड, म्हणजे आकडा उलटा चालतो. आणि त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं तपासतात. म्हणून ‘एन4’ लिहिलं तरी बोलता येतं का ते वेगळं सांगावं लागतं.

इंग्रजीला तुझ्याकडे प्रमाणपत्र नसेल, तर एकच पायरी टाकण्यापेक्षा तोडून लिही. आपल्या बहुतेक मुलांना ड्रॉइंगवरच्या नोट्स, मेल, पीओच्या अटी व्यवस्थित वाचता येतात, मेल लिहिता येतो, पण चेन्नईच्या सप्लायरशी फोनवर बोलताना गाडी अडखळते. मग तसंच: ‘इंग्रजी: वाचन व मेल लेखन सहज, बोलणं कामापुरतं’. ‘फ्लूएंट’ लिहिलंस की ते पहिला प्रश्न इंग्रजीत विचारतात आणि दुसऱ्या वाक्यात गुपित फुटतं. मराठी मातृभाषा, हिंदी बोलणं सहज. घरी अहिराणी बोलत असशील तर लाजू नकोस, लिही. सटाणा-देवळ्याकडे शेतकऱ्यांकडून थेट खरेदी करणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. सिन्नरच्या कारखान्यात तितकी नाही, पण खोटी तर नाही.

राहिले कम्युनिकेशन, लीडरशिप, टीम प्लेअर हे तीन शब्द. ते यादीतून काढून कामाच्या अनुभवात, एकेका वाक्यात उतरव. लीडरशिप म्हणजे तू काय केलंस? वार्षिक स्टॉक मोजणीला कंत्राटी मुलांची जुळवाजुळव केलीस का? किती मुलं, किती दिवस, फरक किती आयटममध्ये निघाला? आकडा आठवत नसेल तर MB51 मध्ये तारीख आणि तुझा यूजर टाक, महिन्यात किती नोंदी केल्यास ते समोर येतं. मात्र आकडा फक्त मोजायचा, सप्लायरची नावं, दर किंवा शीट बाहेर काढायची नाही. काहीच आठवलं नाही तर तो शब्द सोडून दे, चार ओळी कमी झाल्या तर रेझ्युमे सुटसुटीतच होतो.

तुझ्या पोस्टवरून मला जेवढं कळलं त्यावरून मी असं लिहिलं असतं. टी-कोड आणि आकडे तू तपास, खोटे निघाले तर खोड:

अवजारं: सॅप (एंड यूजर, स्टोअर): MIGO आवक, इश्यू, ट्रान्सफर, MMBE, MB52, MB51, रोज. ME23N फक्त बघण्यासाठी. पीओ केलेली नाही. एक्सेल: VLOOKUP, पिव्हट, रोज. टॅली: कोर्स, वर्ष.

भाषा: मराठी मातृभाषा. हिंदी बोलणं सहज. इंग्रजी वाचन व मेल सहज, बोलणं कामापुरतं. जर्मन गोएथे ए1, वर्ष, सध्या सरावात नाही.

अनुभवात: वार्षिक स्टॉक मोजणीत सहा कंत्राटी कामगारांची दोन दिवसांची पाळी लावली. फरक आलेल्या आयटमची चलानं शोधून नोंदी दुरुस्त करून घेतल्या.

‘पीओ केलेली नाही’ हे लिहावं की नाही, असं तू विचारणारच. जाहिरातीत पीओ करणं थेट मागितलं असेल तर लिही, नाहीतर ही ओळ गाळ, पण विचारलं की उत्तर तेच दे. त्यासोबत हेही सांगता येईल की पीओतली रक्कम, कर, डिलिव्हरी तारीख चुकली की जीआरएनला काय अडतं हे तू अडीच वर्षं रोज पाहिलंयस. परचेसमध्ये नव्याने आलेल्या कित्येकांना ते वर्षभर कळत नाही.